आठाचे पाच झाले, मग भाडे किती टक्क्यांनी उतरले?

मे २०२५मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि मथळे आले, 'शंभर टक्के दरवाढ'. उद्या तेच भाडे पुन्हा ५ वर आणले, तर मथळा येईल, 'पन्नास टक्के कपात'. वाढले तेही पाचच रुपये आणि उतरले तेही पाचच. बदलतो तो फक्त भागाकाराचा पाया. वाढताना आपण ५ ने भागतो, उतरताना १० ने. कुठल्या पायावरचा टक्का हे न सांगता तो मोठ्या अक्षरात छापण्याची सवय मथळ्यांपुरतीच राहिली असती, तर सोडून देता आले असते. पण मागणीची लवचिकता काढताना हाच पाया निष्कर्ष उलटा करू शकतो.

मागणीची किंमत लवचिकता म्हणजे मागणीतल्या शेकडा बदलाला किमतीतल्या शेकडा बदलाने भागून येणारा आकडा. ही कल्पना अल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या ग्रंथात नीट मांडली. किंमत आणि मागणी उलट दिशांना जातात म्हणून उत्तर ऋण येते. ते चिन्ह बाजूला ठेवून फक्त आकडा पाहायचा. तो १ पेक्षा जास्त असेल तर मागणी लवचीक, कमी असेल तर अलवचीक आणि नेमका १ असेल तर एकक लवचीक.

आता बेस्टचाच आधीचा बदल घेऊ. जुलै २०१९मध्ये साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये झाले होते. भाडे खरे आहे, प्रवाशांचे आकडे मात्र आपण कल्पनेने घेऊ. समजा, एका मार्गावर किमान भाड्याचे रोज २,००० प्रवासी होते आणि कपातीनंतर ते २,८०० झाले.

नेहमीच्या रीतीने जुना आकडा पाया धरला, तर प्रवासी ४० टक्के वाढले आणि भाडे ३७.५ टक्के उतरले. भागाकार १.०७ येतो, म्हणजे मागणी लवचीक. हाच बदल उलटा वाचू. भाडे ५ चे ८ झाले, म्हणजे ६० टक्के वाढले आणि प्रवासी २,८०० चे २,००० झाले, म्हणजे २८.५७ टक्के घटले. उत्तर ०.४८, म्हणजे मागणी अलवचीक! मार्ग तोच, माणसे तीच आणि निकाल दोन.

मध्यबिंदू पद्धत यावर साधा तोडगा काढते. पाया जुना नाही, नवाही नाही, दोघांची सरासरी. प्रवाशांची सरासरी २,४०० आणि फरक ८००, म्हणून बदल ३३.३३ टक्के. भाड्याची सरासरी ६.५० रुपये आणि फरक ३ रुपये, म्हणून बदल ४६.१५ टक्के. ३३.३३ ला ४६.१५ ने भागले की ०.७२. वरून खाली या की खालून वर जा, हा आकडा हलत नाही. मागणी अलवचीक.

दोन टोकांमधला तह म्हणून ही सरासरी काढलेली नाही. तिच्यामागे एक सुंदर गोष्ट आहे आणि ती गल्ल्यात दिसते. आधी २,००० प्रवासी गुणिले ८, म्हणजे १६,००० रुपये जमायचे. नंतर २,८०० गुणिले ५, म्हणजे १४,०००. भाडे उतरवून उत्पन्न घटले, म्हणजे मागणी अलवचीकच. १.०७ हा आकडा मात्र उत्पन्न वाढल्याचे सुचवत होता. मग उत्पन्न जसेच्या तसे राहायला किती प्रवासी हवे होते? १६,००० भागिले ५, म्हणजे ३,२००. ही संख्या मध्यबिंदू सूत्रात घालून पाहा. फरक १,२००, सरासरी २,६००, बदल ४६.१५ टक्के. भाड्याचा बदलही ४६.१५ टक्केच होता, म्हणून लवचिकता नेमकी १. ३,२०० च्या वर एक प्रवासी गेला की आकडा १ ओलांडतो. प्रवासी ३,६०० झाले असते, तर लवचिकता १.२४ आणि जमा १८,००० रुपये.

हा योगायोग नाही. मध्यबिंदूची लवचिकता १ पेक्षा जास्त आहे ही अट लिहून तिरका गुणाकार केला, की बहुतेक पदे एकमेकांना खातात आणि शेवटी उरते ते एवढेच: कमी भाड्यावरचे उत्पन्न जास्त भाड्यावरच्या उत्पन्नापेक्षा मोठे आहे. बारावीला शेकडेवारी पद्धत आणि गिऱ्हाइकांचा एकूण खर्च, म्हणजेच विक्रेत्याचे उत्पन्न, वाढले की घटले हे पाहणारी एकूण खर्च पद्धत वेगवेगळ्या शिकवतात. पाया सरासरीचा घेतला, तर दोन्हींचा निकाल प्रत्येक वेळी एकच येतो.

मग १.०७ आणि ०.४८ हे आकडे निव्वळ चुकीचे का? तसेही नाही. दोन बिंदू सरळ रेषेने जोडले, तर ८ रुपयांच्या टोकाशी लवचिकता १.०७ आहे, ५ च्या टोकाशी ०.४८ आणि मधोमध ०.७२. रेषेचा उतार सगळीकडे सारखा असूनही लवचिकता प्रत्येक बिंदूला वेगळी असते. उतार म्हणजेच लवचिकता हा गैरसमज इथेच फसतो. याच रेषेवर पावणेआठ रुपयांना सुमारे २,०६७ प्रवासी मिळतात आणि जमा होते सुमारे १६,०१७ रुपये, म्हणजे ८ रुपयांपेक्षा किंचित जास्त. तिथून खाली मात्र उत्पन्न घसरत जाते. म्हणून 'बस ही गरज आहे, तिची मागणी अलवचीक' असे वस्तूला कायमचे लेबल लावता येत नाही. लेबल लागते ते किमतीच्या एका टप्प्याला.

हिशेबात चुका कुठे होतात? सरासरीसाठी २ ने भागायचे राहून गेले तर काळजी नाही, अट एवढीच की दोन्हीकडे राहावे. ८०० भागिले ४,८०० ला ३ भागिले १३ ने भागले, तरी ०.७२ च येतात, कारण दोन्हीकडचे २ कटतात. पण भाड्याखाली बेरीज आणि प्रवाशांखाली सरासरी अशी सरमिसळ झाली, की उत्तर दुप्पट होऊन १.४४ येते आणि अलवचीक मागणी लवचीक ठरते. किमतीचा बदल वर आणि मागणीचा खाली लिहिला, तर १.३८ येते. तोही उलटाच निकाल. पडताळा सोपा आहे, दोन्ही वेळचे उत्पन्न गुणून पाहा. भाडे उतरवल्यावर उत्पन्न घटले आणि तुमचा आकडा १ च्या वर असला, तर चूक तुमच्या भागाकारात आहे.

आकडेच मुळात तुलनेचे नसतील, तर मात्र ही पद्धतही वाचवत नाही. भाडे बदलले त्याच वेळी बसगाड्या वाढल्या किंवा घटल्या, मेट्रोचा नवा टप्पा सुरू झाला, शेअर रिक्षा महागली, की प्रवाशांमधला फरक एकट्या भाड्याचा राहत नाही. जूनचे आकडे मेच्या सुटीतल्या आकड्यांशी ताडले, तर शाळेची पोरेसुद्धा लवचिकतेत मोजली जातात. आणि २०१९च्या कपातीत किमान भाड्याचे अंतरही बदलले होते. त्यामुळे 'किमान भाड्याचे प्रवासी' म्हणजे आधी एक लोक होते आणि नंतर दुसरेच. आधी वरच्या टप्प्याचे तिकीट काढणारा माणूस नंतर ५ रुपयांत बसू लागला, तर तो नव्याने आलेला प्रवासी नव्हे. हिशेबात मात्र तो तसाच दिसतो आणि लवचिकता फुगवतो.