ईमेलचे कार्ड होते कसे : लिफाफ्यावरचा पत्ता आणि पत्रातला पत्ता

कामांचा फलक वापरणाऱ्या अनेक गटांत एक कंटाळवाणे काम रोज घडते. ईमेल उघडायचे, त्यातला विषय उचलून फलकावर नवे कार्ड करायचे, मजकूर तिथे चिकटवायचा, छायाचित्रे आधी संगणकावर उतरवून मग कार्डाला जोडायची. या नकलेत काही ना काही गळतेच. बहुधा एखादे छायाचित्र किंवा मूळ पत्र कोणाचे होते ही माहिती. ट्रेलोसारखी साधने यावर एक उपाय देतात. प्रत्येक फलकाला ती एक खास ईमेल पत्ता देतात आणि त्या पत्त्यावर पाठवलेले प्रत्येक पत्र ठरवलेल्या यादीत कार्ड म्हणून उमटते. ही सोय सुरू करायला काही मिनिटे पुरतात. परंतु ती कधी चालते, कधी चालत नाही आणि कधी नको तितकी चालते, हे कळण्यासाठी ईमेलच्या वाटचालीतली एक गोष्ट समजून घ्यावी लागते. प्रत्येक ईमेलवर पत्ता दोनदा लिहिलेला असतो आणि या दोन पत्त्यांचा परस्परांशी मेळ असलाच पाहिजे असे बंधन नाही.

ऑगस्ट 1982 मध्ये ईमेलसंबंधी दोन तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाले. जॉन पोस्टेल यांच्या RFC 821 मध्ये एका सर्व्हरने दुसऱ्याकडे पत्र कसे सोपवावे याचे नियम होते, तर डेव्हिड क्रॉकर यांच्या RFC 822 मध्ये पत्राच्या आतील मांडणी कशी असावी हे सांगितले होते. ही विभागणी आजही कायम आहे. पाठवणारा सर्व्हर आधी लिफाफ्यावरची माहिती सांगतो आणि मग आतले पत्र देतो. आपल्याला पडद्यावर दिसते ते फक्त आतले पत्र.

एक उदाहरण घेऊ. यंत्रदुरुस्ती पाहणाऱ्या एका गटाकडे पत्र येते, ‘छपाई यंत्र क्रमांक 3 मधून तेलगळती’. सोबत दोन छायाचित्रे आहेत. गटातील व्यक्ती तक्रारदाराला ‘उद्या सकाळी पाहतो’ असे उत्तर लिहिते आणि फलकाचा खास पत्ता गुप्त प्रत म्हणजे Bcc या रकान्यात घालते. फलकाच्या सर्व्हरशी होणारा संवाद थोडक्यात असा असतो :

```
MAIL FROM:<durusti@example.com>
RCPT TO:<yantra+7fq2m9xk4tb8w3zc@cards.example.org>
DATA
From: durusti@example.com
To: karkhana@example.com
```

पहिल्या दोन ओळी म्हणजे लिफाफा. DATA नंतरचे सारे म्हणजे पत्र. पत्रात फलकाच्या पत्त्याचा मागमूसही नाही, तरीही पत्र फलकावर पोहोचते, कारण सर्व्हर RCPT TO ही ओळ पाहून निर्णय घेतो. त्या ओळीतील @ च्या पुढचा भाग पत्र कोणत्या सर्व्हरकडे जायचे ते सांगतो आणि मागचा भाग त्या सर्व्हरला कोणत्या फलकावर, कोणाच्या नावाने कार्ड करायचे ते सांगतो. या मागच्या भागासाठी कमाल मर्यादा 64 अक्षरांची असल्यामुळे त्यात ओळखीसाठी शब्द आणि सोबत एक लांब यादृच्छिक मालिका सहज बसते.

ही मालिका शोभेची नाही. फलकावर कार्ड करण्याचा अधिकार साधारणपणे नाव आणि पासवर्ड देऊन मिळतो, परंतु ईमेलला असा दरवाजा नाही, म्हणून पत्ता स्वतःच किल्लीचे काम करतो. वरच्या उदाहरणातील मालिकेत इंग्रजी लहान अक्षरे आणि अंक मिळून 16 चिन्हे आहेत. प्रत्येक जागी 36 पर्याय धरले तर एकूण शक्यता 8 वर 24 शून्ये इतक्या होतात. हा पत्ता अंदाजाने शोधणे अशक्यप्राय आहे, मात्र तो एकदा कोणाला दिसला की काहीही शोधावे लागत नाही. ट्रेलोमध्ये हा पत्ता प्रत्येक सदस्याचा आणि फलकाचा वेगळा असतो आणि त्यावर कोणीही पत्र पाठवले तरी कार्ड त्या सदस्याने केले असे नोंदले जाते.

यातूनच Bcc चा आग्रह का धरावा हे स्पष्ट होते. तोच पत्ता Cc मध्ये घातला तर तो पत्राच्या आत छापला जातो. मग समोरचा ‘सर्वांना उत्तर’ देतो आणि त्याचे ‘ठीक आहे, वाट पाहतो’ हे एका ओळीचे उत्तर फलकावर स्वतंत्र कार्ड होऊन बसते. पुढच्या प्रत्येक उत्तराबरोबर आणखी एक कार्ड येते आणि किल्ली त्या पत्रव्यवहारातील सर्वांच्या पत्रपेटीत कायमची राहते. एकाच विषयाची चार कार्डे एका दिवसात दिसू लागली की आधी Cc तपासावे. खरे तर प्रत्येक पत्राला Message-ID नावाची एकमेव ओळख असते आणि उत्तरात In-Reply-To या ओळीत मूळ पत्राची ओळख येते. तिच्या आधारे उत्तर जुन्याच कार्डाला टिप्पणी म्हणून जोडणे शक्य असते आणि तक्रार-नोंदणीची साधने तसे करतातही. साध्या फलकांवर मात्र ‘एक पत्र, एक कार्ड’ हाच नियम गृहीत धरणे शहाणपणाचे.

आता आतल्या पत्राचे काय होते ते पाहू. विषयाची ओळ कार्डाचे शीर्षक होते आणि मजकूर वर्णन होतो. पत्र पुढे धाडताना विषयात लागलेले ‘Fwd:’ काढून टाकावे, अन्यथा यादीतील प्रत्येक शीर्षकाची सुरुवात त्याच चार चिन्हांनी होते आणि नजरेला काहीच वेगळे दिसत नाही. ट्रेलोमध्ये विषयाच्या ओळीतच `#red` असे लिहिल्यास लाल लेबल लागते आणि @ नंतर सदस्याचे वापरनाव लिहिल्यास ती व्यक्ती कार्डाला जोडली जाते. तेलगळतीचे पत्र पुढे पाठवताना विषयाच्या शेवटी हे दोन शब्द घातले, तर ‘तातडीचे’ आणि ‘कोणाकडे’ या दोन्ही गोष्टी फलक न उघडता ठरतात.

मराठी विषयाच्या बाबतीत एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ईमेलच्या मूळ नियमांत विषयाच्या ओळीत फक्त साधी रोमन चिन्हे चालत असत, त्यामुळे देवनागरी मजकूर सांकेतिक रूपात बांधून पाठवला जातो आणि अशा एका गाठोड्याची लांबी 75 चिन्हांपेक्षा अधिक असता कामा नये. प्रत्येक देवनागरी चिन्हाला, त्यात काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजून, 3 बाइट लागतात, म्हणून एका गाठोड्यात साधारण 15 चिन्हे मावतात. आपला तेलगळतीचा विषय रिकाम्या जागा आणि अंक धरून 87 बाइटांचा होतो आणि त्याची किमान दोन गाठोडी होतात. मिळवणाऱ्या साधनाने ती जोडताना मधली जागा टाकून द्यायची असते. हे नीट केले नाही तर शीर्षकात ‘क्रमां क’ असा तुटलेला शब्द दिसतो आणि पाठवणाऱ्याने एकाच चिन्हाचे बाइट दोन गाठोड्यांत विभागले असतील तर प्रश्नचिन्ह असलेले काळे चौकोन दिसतात. अशी खूण दिसल्यास पत्र बिघडले असे समजू नये. मूळ पत्र ठीक असते, दोष बांधणाऱ्या किंवा सोडवणाऱ्या आज्ञावलीत असतो. विषय आखूड ठेवला की ही वेळ क्वचित येते.

जोडण्यांचीही अशीच बांधणी होते. छायाचित्र ईमेलमधून जाताना त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून 3 मेगाबाइटचे छायाचित्र प्रवासात 4 मेगाबाइटहून थोडे अधिक होते. दोन छायाचित्रांनी काही बिघडत नाही, परंतु मोठ्या चित्रफितीचे पत्र वाटेतच परत येऊ शकते. याउलट, स्वाक्षरीखालचे बोधचिन्ह हेही तांत्रिक दृष्ट्या एक चित्र असल्यामुळे ते अनेकदा प्रत्येक कार्डाला जोडले जाते. पत्र पुढे पाठवण्यापूर्वी स्वाक्षरी खोडणे हाच त्यावरचा सोपा इलाज आहे.

इथपर्यंत पत्र माणूस पाठवत होता. तेच काम नियम लावून आपोआप करून घ्यायचे ठरवले की दोन पत्त्यांतील फरक पुन्हा समोर येतो. जीमेलमध्ये एखाद्या पत्त्याकडे पत्रे आपोआप वळवण्याआधी त्या पत्त्याच्या मालकाची संमती लागते आणि त्यासाठी संकेतांक असलेले एक पत्र त्याच पत्त्यावर जाते. फलकाला पत्रपेटी नसते, त्यामुळे हे पत्र कुठे शोधावे असा प्रश्न पडतो. ते फलकावरच एका कार्डाच्या रूपात येते आणि त्याच्या वर्णनात तो संकेतांक असतो. तो वापरून झाला की ते कार्ड पुसून टाकावे. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये संस्थेबाहेर आपोआप पत्रे वळवणे मुळातच बंद असते आणि प्रशासकाने परवानगी दिली नसेल तर `550 5.7.520` हा क्रमांक असलेली नकाराची सूचना येते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. आपण हाताने पत्र पुढे पाठवतो तेव्हा आतल्या From ओळीत आपला पत्ता असतो, पण नियमाने वळवलेल्या पत्रात तिथे मूळ तक्रारदाराचाच पत्ता राहतो. जी साधने फक्त नोंदणी झालेल्या सदस्यांच्या पत्त्यावरून आलेली पत्रे स्वीकारतात, ती असे पत्र नाकारतात, तर केवळ गुप्त पत्त्यावर विसंबणारी साधने ते बिनबोभाट घेतात. हाताने पाठवलेली पत्रे कार्डे होतात आणि नियमाने वळवलेली होत नाहीत, अशी परिस्थिती दिसली तर संशय याच ओळीवर घ्यावा. पडताळणीसाठी सदस्य नसलेल्या पत्त्यावरून एक चाचणी-पत्र धाडणे पुरेसे आहे. नियम लावताना वळवलेल्या पत्रांना पत्रपेटीत एक वेगळे लेबलही द्यावे, म्हणजे आठवड्याच्या शेवटी लेबलाखालील पत्रांची संख्या आणि नव्या कार्डांची संख्या शेजारी ठेवून हरवलेले पत्र ओळखता येते.

कार्ड ही पत्राची प्रत असते, हेही विसरता येत नाही. कार्डावर लिहिलेली टिप्पणी तक्रारदारापर्यंत सहसा जात नाही. उत्तर पत्रपेटीतूनच द्यावे लागते. शिवाय पत्रातील सर्व मजकूर, खालची जुनी साखळी धरून, फलकावरच्या प्रत्येक सदस्याला दिसू लागतो. पगार, आजारपण किंवा वैयक्तिक तक्रारी ज्या पेटीत येतात, त्या पेटीवर सरसकट वळवण्याचा नियम लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे शब्द किंवा प्रेषक यांवर आधारलेला अरुंद नियम हवा.

पत्ता बाहेर फुटला, किंवा तो माहीत असलेली व्यक्ती गटातून गेली, तर फलकाच्या मेनूमधून नवा पत्ता तयार करता येतो आणि जुना त्याच क्षणी निकामी होतो. जुन्या पत्त्यावर बेतलेले नियम मात्र कोणाच्या ना कोणाच्या पत्रपेटीत तसेच चालू राहतात, म्हणून तो पत्ता कुठे कुठे नोंदवला आहे याची यादी फलकावरच एका कार्डात लिहून ठेवावी. त्या यादीत पत्ता पूर्ण लिहू नये, फक्त त्याची शेवटची चार चिन्हे लिहावीत.