मेसेजात एक, बिलात एक: लॅम्ब्डा आणि कप्पाच्या मागची गोष्ट

निपाणी-चिक्कोडी भागात दूध घालणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर प्रत्येक पाळीला मेसेज येतो, लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, रक्कम किती, आणि दहा दिवसांनी बिल येतं. आता ह्या दोन्हीतले आकडे जुळायला पाहिजेत ना, खरं आम्ही दुधाच्या हिशोबाची जी सिस्टीम चालवतो तिच्यात बरेच दिवस जुळत नव्हते. एका केंद्रावरच्या मावशींनी फोन करून विचारलं, "मेसेजात एक आलंय, बिलात एक आलंय, आम्ही कुठलं धरायचं ओ?" त्याचं उत्तर शोधायला बसलो तर गोष्ट थेट २०११ पर्यंत मागे गेली, म्हणून हे लिहितोय.

आमची सिस्टीम लॅम्ब्डा पद्धतीची होती, म्हणजे एकच डेटा दोन वाटांनी जायचा. केंद्रावरच्या मशीनमधून नोंद आली की एक स्ट्रीमिंग जॉब तिची रक्कम काढून लगेच मेसेज सोडायचा, आणि रात्री २ वाजता दुसरा बॅच जॉब अख्ख्या दहा दिवसांच्या नोंदी पहिल्यापासून मोजून बिलाचं टेबल नवीन बनवायचा. ॲपवर जो "आजपर्यंतचा हिशोब" दिसतो तो ह्या दोन्हींची बेरीज, कालपर्यंतचं बॅचचं आणि आजचं स्ट्रीमचं.

ही आयडिया नॅथन मार्झची. तो बॅकटाइप नावाच्या छोट्या कंपनीत होता, २०११ मध्ये ती ट्विटरने घेतली, त्याच वर्षी त्याने स्टॉर्म हे स्ट्रीमिंगचं इंजिन ओपन सोर्स केलं आणि ऑक्टोबरमध्ये ह्या रचनेवर एक लांबलचक लेख लिहिला. लॅम्ब्डा हे नाव नंतर रूढ झालं. त्या काळात गरज खरी होती. हडूप ह्या बऱ्याच मशीनवर मिळून डेटा मोजणाऱ्या सिस्टीमवर बॅच चालवलं तर आकडा पक्का मिळायचा खरं तासंतास लागायचे, आणि स्टॉर्म सेकंदात आकडा द्यायचा खरं मधे काही पडलं तर तोच रेकॉर्ड परत प्रोसेस व्हायचा, म्हणजे दोनदा मोजला जाण्याचा धोका. मग मार्झचं म्हणणं असं की मूळ डेटा कधी बदलू नका, नुसता जोडत जा, त्यावरून सगळं परत परत पहिल्यापासून मोजा, आणि मधल्या काही तासांची फट भरायला पातळ स्ट्रीमिंगचा थर ठेवा, तो चुकला तरी चालतंय कारण रात्री बॅच त्याच्यावरून रंधा फिरवणार आहेच.

ह्यात लोक एक गोष्ट विसरतात, मला ती जास्त महत्त्वाची वाटते. मार्झचा भर मशीनच्या चुकीइतकाच माणसाच्या चुकीवर होता. कोडात बग गेला, महिनाभर चुकीचे आकडे लिहिले गेले, तरी मूळ नोंदी जशाच्या तशा असतील तर कोड सुधारा आणि परत मोजा, झालं. ही गोष्ट आजही तितकीच लागू आहे, स्ट्रीमिंग कितीही सुधारलं तरी.

आता खर्च कुठे पडतो ते बघा. आमच्या मावशींच्या हिशोबात फरक निघाला तो राउंडिंगमुळे. मशीन फॅट देतंय ४.२५, दरपत्रक एका दशांशाचं, म्हणजे ४.२ धरायचं की ४.३. बॅच पोस्टग्रेसच्या एसक्यूएलमध्ये होता:

```
SELECT round(4.25, 1);  -- 4.3
```

आणि स्ट्रीमिंगचा जॉब पायथनमध्ये:

```
round(4.25, 1)  # 4.2
```

दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पोस्टग्रेस अर्ध्यावर आलं की वर ढकलतं, पायथन जवळच्या सम आकड्याकडे जातं. समजा फॅटच्या एका पायरीला लिटरमागे ३० पैसे आहेत आणि ८ लिटर दूध आहे, तर एका पाळीला २ रुपये ४० पैशांचा फरक. दहा दिवसात वीस पाळ्या, त्यातल्या चार-पाच वेळा असं झालं तर दहा-बारा रुपये. रक्कम बारीक आहे, खरं केंद्रावर भांडण व्हायला तेवढी पुरते. आणि हे टेस्टमध्ये सापडत नाही कारण प्रत्येक बाजूच्या टेस्ट आपापल्या कोडवर चालतात, दोन्हीकडे एकच नोंद घालून उत्तर ताडून बघणारी टेस्ट कोणी लिहिलेलीच नसते. आम्हीही लिहिली नव्हती.

दुसरा खर्च शिवणीचा, म्हणजे बॅच संपतो आणि स्ट्रीम सुरू होतो ती जागा. रात्रीचा बॅच व्यवस्थित झाला तर स्ट्रीमच्या टेबलातून कालचं पुसायचं. बॅच फेल झाला तर पुसायचं नाही, दोन दिवसांचं ठेवायचं. बॅच अर्धा झाला तर काय? आणि खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट आणि नेटवर्क दोन्ही गेलं की संध्याकाळच्या पाळीच्या नोंदी मध्यरात्र उलटल्यावर १ ला येतात. आमचा स्ट्रीम जॉब नोंद कधी पोचली ते बघायचा, बॅच दूध कधी घातलं ते बघायचा, त्यामुळे तीच नोंद एकीकडे काल आणि एकीकडे आज, आणि ॲपवर बेरीज डबल. ओळखायची खूण अशी की फरक बॅच झाल्यानंतर दिसतो आणि दुसऱ्या रात्री आपोआप नाहीसा होतो, म्हणून तक्रार आली की आपण बघेपर्यंत सगळं ठीक असतं आणि आपण म्हणतो तुमच्या मोबाईलला प्रॉब्लेम असेल.

दुहेरी कोडचं दुखणं ट्विटरलाही जाणवलं होतंच. २०१३ मध्ये त्यांनी समिंगबर्ड काढलं, लॉजिक एकदाच लिहा आणि ते हडूपवरही चालवा आणि स्टॉर्मवरही. त्याने कोड एक झाला, तरी चालवायच्या, बघायच्या, रात्री उठून दुरुस्त करायच्या सिस्टीम दोनच राहिल्या.

मग जुलै २०१४ मध्ये जे क्रेप्सने लेख लिहिला. हा लिंक्डइनमध्ये काफ्का, म्हणजे आलेल्या नोंदी ओळीने लॉगमध्ये साठवून पुढे देणारी सिस्टीम, बनवणाऱ्यांपैकी एक. त्याचा प्रश्न सरळ होता: परत मोजायचंच आहे ना, मग त्याला वेगळी बॅच सिस्टीम कशाला, स्ट्रीमिंगचाच जॉब मागून परत चालवा की. काफ्काचा लॉग वाचला म्हणून पुसला जात नाही, ठरवलेल्या मुदतीपर्यंत राहतो. कोड बदलला की नव्या कोडचा दुसरा जॉब लॉगच्या सुरुवातीपासून सोडायचा, त्याने नव्या टेबलात लिहायचं, तो आत्तापर्यंत पोचला की ॲपला नव्या टेबलाकडे वळवायचं, जुना जॉब बंद, जुनं टेबल डिलीट. नाव त्याने कप्पा सुचवलं, तेही अर्धं गमतीत, इतक्या साध्या कल्पनेला ग्रीक अक्षर शोभतं की नाही अशी शंका त्याने स्वतःच काढली होती.

२०१४ मध्ये हे जरा धाडसाचंच होतं. पुढे फ्लिंकसारखी स्ट्रीमिंगची इंजिनं रुळली, "नोंद कधी घडली" ह्या वेळेवर हिशोब करायची रीत २०१५ च्या गूगलच्या डेटाफ्लो पेपरने पक्की केली, आणि जून २०१७ मध्ये काफ्का ०.११ मध्ये एकदाच मोजण्याची हमी आली, अर्थात ती काफ्कामधून काफ्कात लिहिताना, बाहेरच्या डेटाबेसचं आपलं आपल्याला बघावं लागतं. म्हणजे लॅम्ब्डाची दोन कारणं होती, स्ट्रीमवर विश्वास नाही आणि चूक झाली तर परत मोजता यावं, त्यातलं पहिलं बरंचसं निघून गेलं.

आम्ही गेल्या वर्षी कप्पावर आलो. खरं सांगायचं तर आमचा डेटा एवढासा आहे की नुसतं पोस्टग्रेस पण पुरलं असतं. १२० केंद्रं, केंद्राला साधारण १५० उत्पादक, दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला ३६,००० नोंदी. काफ्काची डीफॉल्ट मुदत सात दिवसांची, `log.retention.hours=168`, आमचं बिलच दहा दिवसांचं, म्हणून ती पहिली बदलली आणि ९० दिवस केली. ९० दिवसांच्या ३२ लाख ४० हजार नोंदी, जॉब सेकंदाला २,००० काढतो, २७ मिनिटांत सगळं परत मोजून तयार.

मोठ्या ठिकाणी हे असं सुटत नाही. समजा सेकंदाला १,००० नोंदी येतायत आणि जॉब ४,००० काढू शकतो. मागचं ३० दिवसांचं काढताना नवीनही येतच राहतं, म्हणजे खरी कमाई सेकंदाला ३,००० ची, आणि ३० दिवसांचं आवरायला १० दिवस लागतात. तेवढे दिवस दोन जॉब, दोन टेबलं, दुप्पट मशीन. हा खर्च रोज दिसत नाही, लागतो तेव्हा एकदम लागतो.

शिवाय दोन गोष्टी आम्ही ठेच लागून शिकलो. एक म्हणजे दरपत्रक. पहिल्यांदा मागून चालवलं तेव्हा जॉबने दर डेटाबेसमधून घेतला, म्हणजे आजचा, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या दुधाला आजचा दर लावून मोकळा झाला. रात्रीच्या बॅचमध्ये हे कधी कळलं नव्हतं कारण तो दहाच दिवसांचं मोजायचा आणि दर बहुतेक बिलाच्या सुरुवातीलाच बदलायचा. आता दराचा प्रत्येक बदल "अमुक तारखेपासून लागू" असा स्वतःच एक नोंद म्हणून लॉगमध्ये जातो, आणि दरांच्या त्या वेगळ्या लॉगला मुदत नाही ठेवलेली, दर कायमचे राहतात.

दुसरी मेसेजची. टेस्ट सर्व्हरवर मागून चालवलेल्या जॉबने रक्कम काढली आणि रीतीप्रमाणे मेसेजही सोडायला लागला. नशीब की तिथे फक्त आमच्या ऑफिसातले सात नंबर होते. तरी माझ्या फोनवर तीन महिन्यांच्या दुधाचे मेसेज, मराठीत आणि कन्नडमध्ये, जेवण होईपर्यंत वाजत होते. लाईव्हवर झालं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्या दिवसापासून रक्कम मोजणारा जॉब मेसेज पाठवतच नाही, तो फक्त लिहितो, पाठवणारा वेगळा आहे आणि तो नोंदीची वेळ दोन दिवसांहून जुनी असली तर गप्प बसतो.

रात्री २ चा बॅच मात्र आम्ही पूर्ण काढला नाही. बिल छापायच्या आदल्या रात्री, म्हणजे महिन्यातून तीनदा, तो अजून चालतो, कुठल्याही टेबलात लिहीत नाही, फक्त दोन्ही बेरजा ताडून बघतो आणि फरक असला तर केंद्राचा नंबर सांगतो. हे बघून कोणी म्हणेल मग ही लॅम्ब्डाच की, तर म्हणू द्या. राउंडिंग आता दोन्हीकडे वरच जातं. गेल्या बिलाला एकाच केंद्राचा नंबर आला, कणकुंबीकडचा, नोंदी तीन दिवस उशिरा आलेल्या, जॉब दोनच दिवस थांबतो. ते वाढवायचं की नाही ह्यावर अजून आमच्यात वाद चालू आहे, वाढवलं की हिशोब तेवढा उशिरा पक्का होणार.