एक्स्टेन्शन बोर्ड का तापतो आणि त्यावरचा भार कसा मोजायचा

सहा सॉकेटचा बोर्ड आहे आणि सहाही भरलेली आहेत. लॅपटॉपचा अडॅप्टर, मॉनिटर, फोनचे तीन चार्जर आणि राउटर. वर हात ठेवला तर बोर्ड कोमट लागतो. आता मनात शंका येते की हा ओव्हरलोड झाला का? बहुतेक जण सॉकेट मोजून उत्तर देतात: भरलेली जास्त म्हणजे भार जास्त. पण किती सॉकेट आहेत ते बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि किती प्रवाह वाहील ते तुम्ही त्यात काय खुपसता यावर ठरतं. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. म्हणून मोजायचा तो प्रवाह.

मोजायला बसलं की पहिली अडचण चार्जरवरच्या बारीक अक्षरांची. तिथे दोन ओळी असतात, इनपुट आणि आउटपुट. फोनच्या वीस वॅटच्या चार्जरवर आउटपुटच्या ओळीत साधारणपणे ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला २.२२ अँपिअर असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या पासष्ट वॅटच्या अडॅप्टरवर २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर. हे आउटपुटचे अँपिअर कोणी बेरजेला घेतले, तर तीन फोनचे नऊ, लॅपटॉपचे सव्वातीन आणि राउटरचा एक मिळून सव्वातेरा होतात. बोर्डावर ६ अँपिअर लिहिलेलं असेल तर धडकीच भरेल. पण ही बेरीज चुकीची आहे, कारण ते अँपिअर चार्जरमधून फोनकडे जाणाऱ्या वायरीतले आहेत. तिथे व्होल्टेज पाच, नऊ किंवा वीस असतं. बोर्डाच्या तांब्यातून मात्र २३० व्होल्टची वीज येते, आणि तेवढीच शक्ती पोचवायला तिला कितीतरी कमी प्रवाह पुरतो.

मग इनपुटच्या ओळीतले अँपिअर घ्यावेत का? ते निदान योग्य बाजूचे आहेत. पण तिथला आकडा सर्वांत वाईट परिस्थितीचा असतो. ‘१०० ते २४० व्होल्ट, १.८ अँपिअर’ याचा अर्थ व्होल्टेज शंभर असेल आणि अडॅप्टर पूर्ण ताकदीने चालत असेल, तेव्हा प्रवाह फार तर इतका. २३० व्होल्टवर तो याच्या निम्म्याहून कमी असतो. इनपुटचे आकडे बेरजेला घेतले तर चूक सुरक्षित बाजूला पडते, इतकंच. आपल्या सहा उपकरणांची अशी बेरीज पाच अँपिअरच्या आसपास जाते आणि बोर्ड जवळजवळ भरल्यासारखा वाटतो.

सरळ मार्ग वॅटचा आहे. आउटपुटच्या ओळीतले व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट मिळतात. एकाच ओळीत पर्याय असतील तर सर्वांत मोठा गुणाकार धरायचा. लॅपटॉप ६५, तीन फोन मिळून ६०, राउटर १२, म्हणजे १३७ वॅट. अडॅप्टर शंभर टक्के कार्यक्षम नसतो. थोडी वीज त्याच्या पोटातच उष्णता होते, म्हणून ही बेरीज ०.८५ ने भागायची. साधारण १६१ येतात. मॉनिटर अडॅप्टरशिवाय थेट २३० व्होल्टवर चालतो, त्याचे ३० वॅट तसेच मिळवले की एकूण १९० च्या वर. गोल आकड्यात दोनशे धरू. २०० भागिले २३० म्हणजे एका अँपिअरपेक्षाही कमी.

इथेच थांबलं तर हिशेब थोडा अपुरा राहतो. चार्जर वीज एकसारखी घेत नाही. व्होल्टेजच्या लाटेचा माथा आला की तेवढ्यापुरता तो मोठा घोट घेतो आणि मधल्या काळात जवळजवळ काहीच घेत नाही. त्यामुळे वायरीतून वाहणारा प्रत्यक्ष प्रवाह वॅटवरून काढलेल्या आकड्यापेक्षा मोठा असतो. वॅटवरून काढलेला प्रवाह भागिले प्रत्यक्ष प्रवाह, या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. मोठ्या वीजपुरवठ्यांमध्ये तो सुधारणारं सर्किट बसवलेलं असतं, पण ७५ वॅटपर्यंतच्या छोट्या अडॅप्टरमध्ये सहसा ते नसतं, आणि त्यांचा पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ च्या घरात सापडतो. म्हणून छोट्या चार्जरांची बेरीज झाल्यावर आलेला प्रवाह दुप्पट करून घ्यावा. आपल्या बोर्डाचा खरा प्रवाह मग दीड ते पावणेदोन अँपिअर येतो. मर्यादा सहाची. शिवाय फोन आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या भरत आल्या की हे अडॅप्टर पूर्ण ताकदीच्या कितीतरी खाली चालतात.

म्हणजे सहा चार्जरांनी भरलेला बोर्ड ओव्हरलोड नसतो. आता त्यातला फोनचा एक चार्जर काढून १५०० वॅटचा हीटर लावा. नुसता हीटरच साडेसहा अँपिअर घेतो. बाकीच्यांसह एकूण प्रवाह साडेसात-आठच्या आसपास गेला. मर्यादा एका उपकरणानेच ओलांडली, आणि उरलेले सगळे चार्जर काढले तरी बोर्ड मर्यादेच्या आत येत नाही. बोर्डावर काय आहे हे पाहताना माझी नजर आधी उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तूंकडे जाते: हीटर, इस्त्री, किटली, हेअर ड्रायर. त्यांना भिंतीतलं स्वतंत्र, जास्त क्षमतेचं सॉकेट हवं. व्होल्टेज जिथे ११०-१२० असतं तिथे तर त्याच वॅटला प्रवाह जवळपास दुप्पट लागतो, त्यामुळे भागाकार आपल्या व्होल्टेजने करायचा.

मग चार्जरांनी भरलेला, दीड अँपिअरवर चालणारा बोर्ड तापतो कशाने?

एक कारण साधं आहे. अडॅप्टर स्वतः तापतात. पासष्ट वॅटचा अडॅप्टर पूर्ण भारावर आठ-दहा वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि ती त्याच्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावरूनच जायची असते. सहा अडॅप्टर खेटून बसवले, वर पडदा किंवा कागद पडला, की प्रत्येक जण शेजाऱ्याला तापवतो. बोर्डाला लागणारी ऊब बरेचदा त्यांचीच. यात बोर्डापेक्षा अडॅप्टरांचं नुकसान जास्त होतं, कारण त्यांच्या आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की सुमारे निम्म्यावर येतं. अडॅप्टरांमध्ये एकेक सॉकेट मोकळं सोडलं तर हा प्रश्न बराच मिटतो.

दुसरं कारण खरं धोक्याचं आहे. सॉकेटच्या आत पितळेची पट्टी असते आणि ती स्प्रिंगसारखी पिनेला दोन्हीकडून धरते. ही पकड घट्ट असेल तर तिथला रोध ओहमच्या काही हजाराव्या भागाइतका असतो. प्लग वर्षानुवर्षं आत-बाहेर करून पट्टी सैलावली, किंवा पिनेवर काळा थर बसला, की रोध वाढतो. समजा तो ०.१ ओहम झाला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.६ अँपिअरला त्या जागी पाव वॅट निर्माण होतो, हाताला कळणारही नाही. आठ अँपिअरला साडेसहा वॅट. प्रवाह पाचपट, उष्णता पंचवीसपट, आणि तीही पिनेला पट्टी टेकते त्या एका ठिपक्यावर. तापल्याने पितळेचा ताण आणखी कमी होतो, थर आणखी जाड होतो, रोध आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

या बाबतीत एमसीबीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही. सर्किटवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर आठ अँपिअर ही त्याच्या दृष्टीने निम्म्या भाराची स्थिती आहे. त्याला सर्किटची वायर वाचवायची असते. पुढे लावलेला सहा अँपिअरचा बोर्ड त्याच्या हिशेबातच नाही. आणि सैल जोडणीने प्रवाह वाढत नाही. झाला तर किंचित कमीच होतो. म्हणून सॉकेट वितळेपर्यंत एमसीबी शांत बसू शकतो. बोर्डाला स्वतःचा फ्यूज किंवा पुन्हा दाबता येणारा कटआउट असेल तर ओव्हरलोड थांबतो, सैल पिन मात्र त्यालाही दिसत नाही.

सैल पिन हातानेच ओळखता येते. नेहमीचा भार अर्धा-पाऊण तास चालू द्या. मग भिंतीवरचा स्विच बंद करा, त्यानंतरच एकेक प्लग काढून पिना बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच चाचपा. अडॅप्टरचं अंग सगळीकडे सारखं कोमट असेल तर ते त्याचं नेहमीचं काम आहे. अंग थंड पण पिना गरम, किंवा दोन पिनांतली एकच गरम, तर दोष पकडीत आहे. शेवटी बोर्डाचा स्वतःचा, भिंतीत जाणारा प्लग अवश्य पाहा. प्रत्येक सॉकेटमधून फक्त त्याच्या उपकरणाचा प्रवाह जातो, पण या प्लगमधून सगळ्यांचा एकत्र जातो, आणि तो सहसा फर्निचरमागे दडलेला असतो. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावला की हेच ओझं पहिल्या बोर्डाच्या एका सॉकेटवर येतं. भोकांभोवती पिवळट-तपकिरी वर्तुळ, काळवंडलेली पिन, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास, प्लग हलवला की चरचर, यांतलं एकही दिसलं तर तापमान तपासायची वाट पाहू नये.

चार्जर लावताना दिसणारी बारीक ठिणगीही या गोष्टीत भर घालते. अडॅप्टरच्या आतला रिकामा कपॅसिटर क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, आणि ठिणगी पिन पट्टीला टेकते त्याच जागी उडते. दर वेळी पितळेवर एक सूक्ष्म खड्डा पडतो. सॉकेटला स्विच असेल तर आधी तो बंद करून प्लग पूर्ण आत बसवावा आणि मग चालू करावा. पकड बरीच जास्त टिकते.

केबलकडेही पाहून घ्यावं. तिच्यावर बहुधा ३ × ०.७५ असं काही छापलेलं असतं: तीन तारा, प्रत्येकीचा छेद ०.७५ चौरस मिलिमीटर. अशा तीन मीटर केबलमध्ये सहा अँपिअरला साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता होते. लांबभर पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. तीच केबल वेटोळं करून बांधून ठेवली तर आतल्या वेढ्यांची उष्णता अडकते, म्हणून मोठ्या भाराला केबल पूर्ण उलगडून ठेवावी. बोर्डावर क्षमता छापलेलीच नसेल तर तो फक्त चार्जरांसाठी वापरावा. छापलेली असेल तरी तासन्‌तास चालणारा भार तिच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवणं मला योग्य वाटतं. म्हणजे सहाच्या बोर्डावर साडेचार. अंदाजावर विसंबायचं नसेल तर सॉकेट आणि बोर्डाच्या मध्ये लावायचं छोटं वॉटमीटर मिळतं. ते वॅट, अँपिअर आणि पॉवर फॅक्टर तिन्ही दाखवतं, आणि वर केलेला हिशेब त्यावर ताडून पाहता येतो.

तपकिरी पडलेलं सॉकेट टेप लावून किंवा पट्टी पक्कडीने दाबून दुरुस्त होत नाही. तापलेल्या पितळेचा ताण गेलेला असतो, तो परत येत नाही. बोर्ड बदलावा. त्यात लागत असलेला जो प्लग काळवंडला असेल तोही बदलावा, कारण खडबडीत पिन नव्या सॉकेटच्या पट्टीला ओरखडते आणि तिथे पुन्हा तोच वाढीव रोध तयार होतो.