नोट म्हणून लिहिली, मेल म्हणून ठेवली

समजा, ठाण्यातल्या एका बाईंनी 2012 साली पहिला आयफोन घेतला आणि त्यातल्या नोट्समध्ये घरचं सगळं लिहायला सुरुवात केली. गॅसचा ग्राहक क्रमांक, चकलीच्या भाजणीचं प्रमाण, वाण्याची यादी. फोनवर जीमेलचं खातं जोडलेलं होतं. दहा-अकरा वर्षांनी त्यांनी अँड्रॉइड फोन घेतला आणि तेच खातं त्यावर घातलं. मेल आली, संपर्क आले, नोट्स मात्र कुठेच नाहीत. कुणीतरी गूगल कीप उघडून बघायला सांगितलं, तर तेही कोरं. आता बाईंना वाटतं नोट्स गेल्या, आणि मुलगा म्हणतो सिंक बिघडलंय. दोघांचंही चुकतंय. नोट्स कशा आणि कुठे ठेवल्या गेल्या हे कळायला 2007 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये नोट्सचं ॲप होतं, पण त्यात लिहिलेलं त्याच फोनमध्ये राहायचं. बाहेर काढायचा मार्ग एकच, नोट मेल करून पाठवणं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकसाठी लेपर्ड ही नवी प्रणाली आली, आणि तिच्यात नोट्स हा मेलच्या ॲपचाच एक भाग होता. पिवळा रेघांचा कागद उघडायचा, लिहायचं, आणि ती नोट मेलच्या शेजारी दिसायची. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन यंत्रांवर नोट्स होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. 2009 मध्ये आयफोनच्या प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत वायर लावून, आयट्यून्समधून नोट्स संगणकावर नेता येऊ लागल्या. वायरशिवायची सोय 2010 च्या आयओएस 4 मध्ये आली. तिच्यासाठी ॲपलने नवीन काही उभारलं नाही. लेपर्डने जी वाट धरली होती तीच फोनला दिली: नोट म्हणजे एक मेल, आणि ती ठेवायची मेलच्या सर्व्हरवर.

हा शॉर्टकट वाटतो खरा, पण त्या वेळचा पर्याय काय होता ते पाहा. कॅलेंडर वेगवेगळ्या यंत्रांवर सारखं ठेवायला कॅलडॅव्ह नावाचं प्रमाण 2007 मध्ये ठरलं. संपर्कांसाठी कार्डडॅव्ह 2011 मध्ये ठरलं. नोट्ससाठी असं सर्वांनी पाळलेलं काहीच नव्हतं, आणि आजही नाही. कॅलेंडरच्या 1998 च्या प्रमाणात रोजनिशीच्या नोंदीसाठी व्हीजर्नल नावाचा एक प्रकार होता, पण तो फार थोड्या ॲप्सनी उचलला. उलट आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरची मेल अनेक यंत्रांवरून बघण्याची पद्धत, बऱ्याच मेल सेवांकडे होती. एक फोल्डर करा, त्यात मजकूर टाका, दुसऱ्या यंत्रावर तो फोल्डर उघडा, काम झालं. सर्व्हरवाल्याला काही बदलावं लागत नव्हतं. मला तर ही युक्ती हुशारीचीच वाटते. अडचण एवढीच की सर्व्हरला ही नोट आहे हे कधी कुणी सांगितलंच नाही.

अशी नोट सर्व्हरवर साधारण अशी दिसते:

```
X-Uniform-Type-Identifier: com.apple.mail-note
X-Universally-Unique-Identifier: (नोटचा कायमचा क्रमांक)
X-Mail-Created-Date: (पहिल्यांदा लिहिल्याची वेळ)
Subject: =?utf-8?B?4KSv4KS+4KSm4KWA?=
Content-Type: text/html; charset=utf-8
```

विषयाच्या ओळीत जे अगम्य दिसतं ते 'यादी' आहे. मेलच्या शीर्षकात देवनागरी अक्षरं जुन्या नियमांनुसार थेट बसत नाहीत, म्हणून ती अशी गुंडाळून पाठवतात. नोटची पहिली ओळ मेलचा विषय होते आणि नोटचा मजकूर मेलचा मजकूर. या मेलला 'मी नोट आहे' असं म्हणणारी खूण फक्त पहिल्या ओळीत आहे. त्या ओळीची सुरुवात `X-` ने होते, म्हणजे ती ॲपलने स्वतःच्या सोयीसाठी घातलेली आहे. ज्या ॲपला ती ओळ कळते ते नोट दाखवतं. ज्याला कळत नाही त्याच्या लेखी ती बाईंनी स्वतःच लिहिलेली, कुणालाही न पाठवलेली एक मेल. ती इनबॉक्समध्ये नसून Notes नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते, म्हणून सहज नजरेलाही पडत नाही.

फोल्डरचा हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. मसुदे, पाठवलेली मेल, कचरा, स्पॅम यांचे फोल्डर ॲप्सना नेमके सापडावेत म्हणून 2011 मध्ये आयमॅपला एक जोड आली. तिच्यामुळे 'हा माझा कचऱ्याचा फोल्डर' असं सर्व्हर स्वतःच सांगू शकतो, मग त्याचं नाव काहीही असो. त्या यादीत नोट्स नाहीत. त्यामुळे Notes ही ॲपसाठी खूण नसून निव्वळ नाव राहिलं, आणि नावावर विसंबलं की घोटाळे होतात. काही सर्व्हर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात ठेवतात, तिथे तोच फोल्डर `INBOX.Notes` होतो. आउटलुक आणि एक्स्चेंजमध्ये तर त्यांचा स्वतःचा Notes फोल्डर आधीपासून आहे, पण त्यातल्या चिठ्ठ्या वेगळ्याच घाटाच्या असतात आणि मेलसारख्या उघडत नाहीत. दोन्हीकडे नाव एकच, आत भलतंच.

शिवाय आयमॅपमध्ये फोल्डरची वर्गणी नावाची एक जुनी सोय आहे. फोल्डर सर्व्हरवर असला तरी वर्गणी नसेल तर थंडरबर्डसारखं संगणकावरचं मेलचं ॲप तो दाखवत नाही. खात्याच्या नावावर उजवं बटण दाबून Subscribe उघडलं की यादीत Notes दिसतो, फक्त त्यापुढे खूण नसते. जीमेलचा प्रकार आणखी निराळा. तिथे फोल्डर नसतातच, लेबलं असतात, आणि सेटिंग्जमधल्या Labels च्या पानावर प्रत्येक लेबलापुढे Show in IMAP असा चौकोन असतो. इनबॉक्स आवरण्याच्या भरात तो कुणी रिकामा केला की त्या लेबलातल्या नोट्स फोनवरून दिसेनाशा होतात, आणि ब्राउझरमध्ये मात्र तशाच असतात.

आता दुरुस्तीचं. आयमॅपमध्ये सर्व्हरवर ठेवलेली मेल बदलता येत नाही. वाचली, खूण केली, पुसली एवढंच. नोट मात्र आपण रोज बदलतो. यावर तोडगा असा की फोन दरवेळी नवीन मेल तयार करून फोल्डरमध्ये टाकतो आणि जुनी पुसतो. दोन्हींवर क्रमांक तोच असतो, म्हणून ॲपला कळतं की ही तीच नोट. वाण्याच्या यादीत दहा वेळा भर घातली तर सर्व्हरवर दहा मेल होऊन गेलेल्या असतात. जुन्या नेमक्या जातात कुठे, हे खात्याच्या सेटिंगवर ठरतं. जीमेलमध्ये आयमॅपवरून पुसलेली मेल मुळात फक्त लेबलातून निघते आणि All Mail मध्ये राहते. त्यामुळे शोधलं की एकाच नोटच्या चार आवृत्त्या हाती लागू शकतात आणि माणूस गोंधळतो. फोन नेटशिवाय असताना आणि घरच्या आयपॅडवर त्याच वेळी तीच नोट बदलली, तर एकाच क्रमांकाच्या दोन मेल सर्व्हरवर शेजारी शेजारी येतात.

कुणी थंडरबर्डमधून ती मेल उघडून दुरुस्त करून पुन्हा त्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर नवीन प्रतीवर ती `X-` ची खूण राहीलच असं नाही. खूण गेली की फोन तिला नोट मानत नाही. दुसऱ्या ॲपमधून या नोट्स वाचाव्यात, दुरुस्त करू नयेत, ते याचसाठी.

2015 च्या सप्टेंबरमध्ये आयओएस 9 आलं आणि ॲपलने ही वाट स्वतःपुरती सोडली. चौकोनांच्या याद्या, बोटाने काढलेली चित्रं, नोटमध्येच फोटो, हे सगळं मेलच्या पाकिटात नीट बसणारं नव्हतं. आयक्लाउडच्या नोट्स तेव्हापासून मेलऐवजी क्लाउडकिट नावाच्या वेगळ्या साठ्यात जाऊ लागल्या. ॲप पहिल्यांदा उघडलं की नोट्स नव्या पद्धतीत न्यायच्या का असं विचारायचं, आणि जुनी प्रणाली असलेल्या यंत्रांवर त्या मग दिसणार नाहीत असंही सांगायचं. ती सूचना किती जणांनी वाचली असेल देव जाणे. घरात एक जुना आयपॅड आणि एक नवा फोन असेल, तर 'होय' म्हटल्याच्या क्षणी दोघांची फारकत झाली.

जीमेल, याहू किंवा कार्यालयाचं आयमॅप खातं यांच्या नोट्स मात्र जुन्याच वाटेवर राहिल्या. त्यात साधा मजकूर मावतो, नव्या सोयी नाहीत. त्यामुळे एकाच ॲपमध्ये दोन-तीन घरं झाली: आयक्लाउड, जीमेल, आणि On My iPhone, म्हणजे कुठेच न जाणारं. नवीन नोट यातल्या कुठल्या घरात जाईल हे Default Account ठरवतं. पडद्यावर सगळ्या नोट्स एकाच यादीत दिसत असल्याने लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही.

आता ठाण्याच्या बाईंकडे परत येऊ. पहिली चाचणी अँड्रॉइडवर न करता संगणकाच्या ब्राउझरमध्ये करायची. जीमेल उघडून शोधाच्या चौकटीत `label:notes` लिहायचं. नोट्स सापडल्या तर सर्व्हरपर्यंतचं काम ठीक झालेलं आहे आणि नवीन फोनला त्या नोट म्हणून दाखवता येत नाहीत एवढाच प्रश्न आहे. एखादी उघडून मेनूतून Show original घेतलं की वरची खुणेची ओळ डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या कुठल्या आयमॅप खात्यात शोधायचं असेल आणि आज्ञा देता येत असेल, तर फोल्डर निवडून हे विचारायचं:

```
a3 UID SEARCH HEADER X-Uniform-Type-Identifier com.apple.mail-note
```

उत्तरात आकडे आले तर तेवढ्या नोट्स तिथे आहेत. काहीच आलं नाही तर त्या फोल्डरमध्ये नोट नाही, आणि दुसऱ्या यंत्रावर कितीही वेळा खातं काढून घातलं तरी ती येणार नाही.

बाईंना लेबलाखाली भाजणीचं प्रमाण आणि गॅसचा क्रमांक सापडला, पण शेवटची नोट 2016 ची. त्यानंतरच्या एकाही यादीचा पत्ता नाही. याचा अर्थ त्या सुमारास त्यांचं Default Account बहुधा बदलून आयक्लाउड झालं. त्या नोट्स जीमेलमध्ये शोधणं व्यर्थ आहे, त्या icloud.com वर लॉग इन करून वाचाव्या लागतील. तिथेही नसतील तर उरतो जुना फोन. तो अजून चालू होत असेल तर नोट्समध्ये On My iPhone च्या खाली बघायचं आणि तिथला साधा मजकूर जीमेलच्या Notes मध्ये हलवायचा. फोटो किंवा चित्रं असलेल्या नोट्स त्या घरात जात नाहीत, त्या एकेक करून स्वतःला मेल कराव्या लागतात, 2007 साली करायचे तशा.

जीमेलमधल्या 2016 पर्यंतच्या नोट्स अँड्रॉइडवर वाचायला काहीच करावं लागत नाही. जीमेलच्या ॲपमध्ये डावीकडची यादी उघडून Notes वर बोट ठेवायचं. कीपमध्ये त्या आपोआप जात नाहीत, कारण कीपचा त्या लेबलाशी संबंध नाही. चालू यादी हवी असेल तर मजकूर कॉपी करून कीपमध्ये नवीन नोट करावी, आणि मूळ मेल तशीच ठेवावी.