पाटी आणि टोपणनाव: डिस्कॉर्ड सर्व्हरचं नाव ठरवताना

सोलापुरात पक्षी बघणाऱ्या आम्ही पाच-सहा जणांनी डिस्कॉर्डवर सर्व्हर काढला, तेव्हा नावावर वाद झालाच नाही. ‘माळढोक’ हे नाव सगळ्यांना एका दमात पटलं. नान्नजच्या माळरानावर कितीतरी पहाटा आम्ही याच एका पक्ष्यापायी घालवल्या होत्या, आणि नान्नजचं अभयारण्य त्याच्याच नावाचं. पण आम्ही निवडलं होतं ते टोपणनाव, आणि नव्या माणसाला लागते पाटी. दोन्ही ‘चांगली नावं’ वाटतात, म्हणूनच गल्लत होते.

टोपणनाव आतल्यांसाठी असतं. त्यामागची गोष्ट माहीत असणाऱ्यालाच ते गोड लागतं. पाटी मात्र रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असते: इथं काय चालतं आणि मी आत येऊ का, एवढी दोनच उत्तरं तिनं द्यायची.

‘माळढोक’चं काय झालं ते सांगते. आमंत्रणाची लिंक उघडली की सर्व्हरचं नाव, चित्र, एकूण सदस्य किती आणि आत्ता ऑनलाइन किती, एवढंच ठळक दिसतं. आत येण्याचा निर्णय माणूस त्यावरच घेतो. लिंक मिळूनही न आलेल्या काही जणांना मी नंतर विचारलं. एकीला वाटलं, हे वनखात्याचं काहीतरी असावं. एकाला वाटलं, फक्त माळढोकावर अभ्यास करणाऱ्यांचा गट आहे. तिसरा म्हणाला, “मला कंबर तलावावरचं बदक ओळखायचं होतं, तिथं कशाला विचारू?” नेमकी हीच माणसं आम्हाला हवी होती.

मग पाटी लिहायला बसलो. पहिला मसुदा होता ‘सोलापूर पक्षीनिरीक्षक मंडळ’. हेतू स्पष्ट झाला, पण दार अर्धवटच उघडलं. ‘निरीक्षक’ हा शब्द माणसाबद्दल बोलतो. पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेतलेली मुलगी स्वतःला निरीक्षक म्हणवून घ्यायला कचरते. ‘निरीक्षण’ हा शब्द कामाबद्दल बोलतो, आणि काम कुणीही करून बघू शकतं. ‘मंडळ’ म्हटलं की वर्गणी, पदाधिकारी, सभासद आठवतात. कट्ट्यावर मात्र कुणीही येऊन टेकतं. म्हणून नाव ठरलं ‘सोलापूर पक्षीनिरीक्षण कट्टा’. नुसतं ‘सोलापूर कट्टा’ ठेवलं असतं तर भाड्याच्या खोलीपासून कडक भाकरीच्या दुकानापर्यंत सगळे प्रश्न आले असते.

नावात ‘सर्वांचं स्वागत’ घालावं असाही आग्रह होता. मी तो मानला नाही. डिस्कॉर्ड नावाला १०० अक्षरांपर्यंत जागा देतं खरं, पण फोनवर लांब नाव मध्येच तुटतं, म्हणून हेतू पहिल्या दोन शब्दांत यायला हवा. स्वागत आत करता येतं: पहिल्याच चॅनेलचं नाव आम्ही `#हा-कोणता-पक्षी` ठेवलं. प्रश्न विचारायला परवानगी आहे, हे त्या नावातूनच कळतं.

नाव पाटीचं काम करतंय की नाही हे तपासायला “नाव आवडलं का?” असं विचारू नका, लोक ‘हो’च म्हणतात. विषयाशी संबंध नसलेल्या तिघांना नुसतं नाव दाखवा आणि विचारा, “इथं तुम्ही पहिला मेसेज काय टाकाल?” ‘माळढोक’वर तिघंही गप्प बसले. नव्या नावावर एकानं लगेच अंगणातल्या पक्ष्याचा फोटो काढून दाखवला.

टोपणनाव मात्र टाकून द्यायचं नसतं. ते आतल्या एका चॅनेलला दिलं, `#माळढोक`, जिथं जुने लोक रात्री गप्पा मारतात. त्यामागची गोष्ट नव्यांना तिथंच कळते.

डिस्कॉर्डवर चूक सुधारता येते. सर्व्हरचा मालक किंवा सर्व्हर सांभाळण्याचा अधिकार असलेला माणूस नाव केव्हाही बदलू शकतो, आणि जुन्या लिंक चालूच राहतात. फक्त नाव आणि चित्र एकाच दिवशी बदलू नका. यादीत अनोळखी सर्व्हर दिसला की लोक तो सोडून जातात. आम्ही चित्र तेच ठेवलं, आणि नाव बदलण्याआधी आठवडाभर सूचना लावली.

मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवर सर्व्हर काढणाऱ्याला ही सवलत नाही. तिथं सर्व्हरचा पत्ता प्रत्येक सदस्याच्या नावाला चिकटतो, आणि खाती उघडल्यावर तो बदलला तर इतर सर्व्हरांशी असलेली सगळी जोडणी मोडते. `fosstodon.org` या नावात FOSS, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, आहे. बाहेरच्याला ते कोडं वाटेल, पण ज्यांच्यासाठी तो सर्व्हर आहे त्यांना हा शब्द आधीपासून ठाऊक असतो, म्हणून तिथं तो पाटीचं काम करतो. तुमच्या नव्या माणसाला शब्द येतो का, एवढंच बघायचं. मॅस्टोडॉनवर पत्त्यात पाटी घाला. टोपणनावाचा मोह झालाच तर ते सर्व्हरच्या शीर्षकात ठेवा, कारण शीर्षक नंतर बदलता येतं.