पावतीच्या फोटोतून ओळीनिहाय हिशोब: छापलेला आकडा आणि काढलेला आकडा

छापील मजकूर यंत्राने वाचण्याचे तंत्र पुस्तके, अर्ज आणि टंकलिखित पाने समोर ठेवून वाढले. आज सर्रास वापरले जाणारे टेसरॅक्ट हे अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर एका संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत 1985 ते 1994 या काळात घडले आणि 2005 मध्ये त्याचा कोड खुला झाला. त्याचा पिंड पानाचा आहे: आधी मजकुराचे ठोकळे शोधायचे, मग ठोकळ्यातल्या ओळी, मग अक्षरे. पावतीवर डावीकडे वस्तूचे नाव, मध्ये मोठी मोकळी जागा आणि उजव्या कडेला रक्कम असते. हा मांडणीक्रम पाहून पानाची सवय असलेले यंत्र दोन स्तंभ आहेत असे समजते. मग आधी सगळी नावे आणि त्यांच्या खाली सगळ्या रकमा असा मजकूर हाती येतो. अक्षरे बरोबर असतात, पण कोणती रक्कम कोणत्या वस्तूची, हेच हरवते.

त्यात मोबाइलच्या फोटोने भर घातली. पावत्या छापणारे थर्मल छपाईयंत्र साधारणपणे दर मिलिमीटरला 8 ठिपके छापते. 80 मिलिमीटरच्या कागदावर छपाईची रुंदी 72 मिलिमीटर, म्हणजे 576 ठिपके असते आणि नेहमीच्या टंकात एका ओळीत 48 अक्षरे बसतात. ओळींमधले अंतर बऱ्याच यंत्रांत 30 ठिपके, म्हणजे पावणेचार मिलिमीटर असते. फोटो फक्त 3 अंशांनी तिरका आला, तर 72 मिलिमीटरच्या टोकाला ओळ 3.77 मिलिमीटरने वर किंवा खाली जाते. म्हणजे उजवीकडची रक्कम नेमकी शेजारच्या वस्तूसमोर येऊन बसते. डोळ्याला 3 अंशांचा कल जाणवतही नाही. म्हणून फोटो सरळ करणे ही या कामातली शोभेची पायरी नाही. ती चुकली तर पुढचे सगळे चुकते. चुरगळलेल्या कागदावर तर एकच कोन पुरत नाही, प्रत्येक पट्ट्याचा कल वेगळा काढावा लागतो.

या क्षेत्राची आजची दिशा मुख्यतः 2019 मध्ये ठरली. त्या वर्षी दस्तऐवज-वाचनाच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी एक हजार स्कॅन केलेल्या पावत्या खुल्या झाल्या. त्यातून माहिती काढण्याच्या भागात चारच गोष्टी मागितल्या होत्या: दुकानाचे नाव, पत्ता, तारीख आणि एकूण रक्कम. वस्तूंच्या ओळी नव्हत्याच. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने एक हजार पावत्यांचा वेगळा संच दिला. त्यात प्रत्येक ओळीवर खुणा होत्या: `menu.nm` म्हणजे नाव, `menu.cnt` म्हणजे नग, `menu.unitprice` म्हणजे दर आणि `menu.price` म्हणजे त्या ओळीची रक्कम. चार गोष्टींचा संच सोपा आणि मोजायला सुटसुटीत, त्यामुळे पुढची अनेक वर्षे प्रगतीचे आकडे त्यावरून सांगितले गेले. माझ्या मते यामुळे पावती वाचणे सुटल्याचा आभास निर्माण झाला. एकूण रक्कम सापडणे आणि ती कशाकशाची बनली हे कळणे, यांत फार मोठे अंतर आहे.

ओळींवर खुणा करायला बसल्यावर खरा वाद उभा राहिला: जे छापले आहे तेवढेच नोंदवायचे, की जे छापलेले नाही पण हिशोबाने निघते तेही? पुढच्या पावतीत हा प्रश्न तीन ठिकाणी येतो.

```
वस्तू अ
  3 x 45.00          135.00
वस्तू ब
  0.742 x 120.00      89.04
सवलत                 -13.50
वस्तू क               60.00
उपबेरीज              270.54
कर 5%                 12.88
राउंड ऑफ               0.46
एकूण                 271.00
रोख                  300.00
परत                   29.00
```

वस्तू क समोर नग नाहीत. बहुतेक जण तिथे 1 लिहितात, पण तो तर्क आहे. वजनावर विकलेली वस्तू असेल तर तो चुकीचाही ठरेल. सवलत छापली आहे ब च्या खाली, पण 13.50 हे अ च्या 135.00 चे बरोबर 10 टक्के आहेत. जागा एक सांगते, हिशोब दुसरेच सुचवतो. तिसरी जागा कराची. 270.54 वर 5 टक्के लावले तर 13.53 येतात. 12.88 हा आकडा येतो 270.54 ला 5 ने गुणून 105 ने भागल्यावर. म्हणजे कर किमतीतच धरलेला आहे आणि तो पुन्हा मिळवायचा नाही. कागदावर हे शब्दांत कुठेही नसते. ज्या प्रणालीने कर आंधळेपणाने मिळवला ती 283.42 वर पोहोचते आणि 271.00 शी मेळ बसत नाही म्हणून चांगली पावती नाकारते.

खुणांच्या त्या दुसऱ्या संचाची वाट छापलेल्याला धरून राहण्याची होती: दर दिसला तरच दर. काढलेले आकडे हवे असणाऱ्यांचेही म्हणणे पोकळ नव्हते. हिशोबाच्या तक्त्यात रिकामी घरे कोणालाच नको असतात. पण 3 नगांचे 100.00 झाले असतील आणि दर म्हणून 33.33 भरला, तर उलट गुणाकार 99.99 देतो आणि कागदावर नसलेली चूक तक्त्यात शिरते. मी ठामपणे छापलेल्याच्या बाजूचा आहे. काढलेला आकडा जरूर ठेवावा, पण वेगळ्या रकान्यात आणि तो काढलेला आहे अशा खुणेसह. दोन्ही एकाच रकान्यात मिसळले की गुणाकार ताडून पाहण्याला अर्थ उरत नाही, कारण दर भागाकारानेच आलेला असेल तर शतांशांचा फरक सोडून गुणाकार नेहमीच जुळतो.

ही ताडणीच चुका पकडते. 135.00 चे वाचन 185.00 झाले तर 3 गुणिले 45.00 लगेच उघडे पाडते. सवलतीपुढची उणे खूण थर्मल कागदावर पुसट होऊन हरवली तर चारही ओळींची बेरीज 297.54 भरते, उपबेरजेपेक्षा 27.00 ने जास्त. फरकाची निम्मी रक्कम, 13.50, यादीतच सापडली की चिन्ह हरवल्याचा संशय पक्का होतो. आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे एकूण, हा जुन्या नियमांवर चालणाऱ्या प्रणालींचा आवडता आडाखा इथे रोखीचे 300.00 उचलतो.

2020 च्या सुमारास शब्द आणि त्यांची पानावरची जागा एकत्र शिकणारी मॉडेल आली. 2022 पर्यंत अक्षरे वेगळी न वाचता फोटोवरून थेट तक्ता लिहिणारीही आली. स्तंभांचा घोळ त्यांनी बराच आटोक्यात आणला. मात्र आकडा कागदावर कुठे होता, याची खूण त्यांच्या उत्तरासोबत आपोआप येत नाही. त्यामुळे छापलेला आणि काढलेला यांतला भेद बाहेरून दिसेनासा होतो. पुसट 89.04 न वाचता मॉडेलने नग आणि दर पाहून तो लिहिला, तरी उत्तर बरोबरच दिसते.

ताडणीलाही मर्यादा आहे. 10.30 च्या तीन ओळींवर 5 टक्के कर प्रत्येक ओळीला वेगळा काढून दोन दशांशांपर्यंत आणला तर 0.52 तीन वेळा, म्हणजे 1.56 होतो. एकत्र 30.90 वर काढला तर 1.55. दोन्ही रीती दुकानांच्या यंत्रांत आढळतात. म्हणून करातला एका शतांशाचा फरक चूक मानण्याआधी दोन्ही रीतींनी मोजून पाहावे लागते, आणि ओळी जितक्या जास्त तितका हा फरक वाढू शकतो.