दंड आधी तयार होतात, कोपर मागून येतं

मल्लखांबावर गॅपनंतर परत आलेल्यांचं दुखणं कधी सुरू होतं बघा. पहिल्या आठवड्यात फक्त अंग धरतं, ते दोन-तीन दिवसांत जातं. खरं कोपर धरतं ते दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे सगळं मस्त चाललंय असं वाटायला लागतं ना, नेमकं तेव्हा.

आमच्या ठाण्यातल्या सरावाला कळव्याहून एक मुलगी येते, 19 वर्षांची, वजन 52 किलो. शाळेत दोरीचा आणि जमिनीत पुरलेला असा दोन्ही मल्लखांब करायची, मग दहावी-बारावीत सुटलं आणि कॉलेजात परत आली. आली तेव्हा बारला वीसेक सेकंद लटकायची, पुलअप एकही नाही. म्हणून तिला उलट्या बाजूने सुरू करून दिलं: स्टूलवर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची, पाय सोडायचे आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यायचं. असं चारदा, तीन सेट, मध्ये दोन-अडीच मिनिटं आराम, आणि हे आठवड्यातून फक्त दोनदा. स्नायू आखडताना जेवढा भार उचलतो त्यापेक्षा बराच जास्त भार तो लांब होताना रोखू शकतो, त्यामुळे ज्याला एकही पुलअप येत नाही त्यालाही आपलं पूर्ण वजन कंट्रोलमध्ये खाली आणता येतं आणि वर जायची ताकद त्यातूनच तयार होते.

सहाव्या आठवड्यात तिला दोन पुलअप जमले. मग काय, बाईसाहेब रोज करायला लागल्या, वर रोज दोरी. दहा-बारा दिवसांत म्हणाली, "सर, पाण्याची बाटली उघडताना इथे चमकतं," आणि बोट ठेवलं कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडावर.

तिथेच दुखतं कारण बोटं मुडपणारे आणि मनगट वाकवणारे बरेच स्नायू पुढच्या हातात असतात आणि त्यांतले कितीतरी एका जाड टेंडनने (कंडरा म्हणतात तो) त्याच हाडाला बांधलेले असतात. दोरी पकडली, बार पकडला, खांबाच्या टोकाचं बोंड पकडलं, शेवटी ताण तिथेच जातो. आता गंमत अशी की पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मोठ्या प्रमाणात मेंदूची असते, आहे त्याच स्नायूतले जास्त धागे एकदम कामाला लावायला तो शिकतो, आणि स्नायू जाड व्हायला लागतो तो नंतर. टेंडनला असा शॉर्टकट नाही. त्याचा रक्तपुरवठा कमी, त्याच्यातल्या पेशी थोड्या, नियमित जड भार दिला तर त्याचा ताठपणा नीट वाढायला दोन-तीन महिने लागतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी एक भारी गोष्ट मोजली होती. 1950-60च्या दशकात अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो माणसांच्या टाचेमागच्या टेंडनमध्ये किती सापडतो ते त्यांनी तपासलं, आणि कळलं की त्या टेंडनचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही. म्हणजे पुढे जे काय सुधारायचं ते त्याच जुन्या मालावर.

रोज का नको, तेही इथेच येतं. जोरदार व्यायामानंतर टेंडनमधलं कोलॅजन बनतंही जास्त आणि तुटतंही जास्त, आणि पहिला दीडेक दिवस तुटण्याचं पारडं जड असतं. त्या वेळात परत लटकलात की खात्यात जमा होण्याआधीच पैसे काढले.

पूर्ण आराम तिला दिला नाही, कारण भारच काढून घेतला तर टेंडन आणखी कच्चा होतो. पुलअप निम्मे केले, एक दिवसाआड, आणि सोबत एक साधी गोष्ट दिली. जाड टॉवेल बारवरून टाकायचा, दोन्ही टोकं पकडायची, पाय मात्र खाली वजनकाट्यावर. काटा 30 दाखवत असेल तर 52 मधून 30 गेले, हातावर 22 किलो. तेवढाच भार 40 सेकंद न हलता धरायचा, दोन मिनिटं थांबायचं, असं पाचदा. दर आठवड्याला काटा दोन-तीन किलो खाली आणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल तर चालू, वर गेलं तर एक पायरी मागे. बारा आठवड्यांनी ती त्याच टॉवेलला पूर्ण वजनाने लटकत होती, बाटलीही उघडत होती. हातात मुंग्या येत असतील, करंगळी बधिर होत असेल किंवा रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखत असेल तर मात्र टॉवेल वगैरे राहू दे, डॉक्टरला दाखवा.

पकडीबद्दल एक आत्ताच करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण दुमडा आणि मूठ घट्ट आवळा, जमत नाही. आता मनगट किंचित मागे, मूठ लगेच घट्ट होते. दुमडलेल्या मनगटात बोटांचे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना ओढायला जागाच उरत नाही. दमल्यावर दोरीवर बहुतेकांचं मनगट असंच दुमडतं आणि मग "पकड सुटली" म्हणतात. जोरात आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, म्हणून पुढचा हात दगडासारखा होतो, दोन चढाईंच्या मध्ये हात खाली सोडून झटका. आणि लोकलमध्ये ठाणे ते वाशी हँडल धरून उभं राहणं हा ग्रिपचा व्यायाम नाही, वजन सगळं पायांवर असतं. पुरलेल्यावर जाड भागाला तर बोटं पुरतच नाहीत, वर एरंडेल, तिथे मांड्या आणि बगल दोन्हीकडून दाबतात म्हणून माणूस टिकतो. सुरुवातीला गुडघ्यांत उशी दाबून धरायचा व्यायाम त्यासाठीच.

आता मल्लखांबावरून उतरतानाची उडी. शरीर 1 मीटर खाली आलं तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला साधारण 4.4 मीटर असतो. हा वेग पाय ताठ ठेवून 5 सेंटिमीटरात थांबवला तर सरासरी 21 पट वजनाइतका जोर येतो, गुडघे-कंबर वाकवत 40 सेंटिमीटरात थांबवला तर साडेतीन पट. 52 किलोच्या मुलीसाठी हा फरक 1,092 आणि 182 किलोचा. गादी काही सेंटिमीटर देते, बाकीचे पायांनीच द्यायचे.

म्हणून तिची उडी 20 सेंटिमीटरच्या पायरीवरून सुरू झाली. चवडा टेकतो, मग टाच, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकतात, आणि तीन सेकंद तसंच थांबायचं. आवाज ऐका, धप्प आला तर पाय ताठ होते. गुडघे आत पडताना दिसतात का ते समोरून मोबाइलवर शूट करून बघा, स्वतःला ते जाणवत नाही. एका दिवशी तीसेक उड्या पुरे, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की सलग काही डझन धक्क्यांनंतर हाडातल्या पेशी प्रतिसाद देणं जवळपास थांबवतात आणि काही तास आराम मिळाला की परत जाग्या होतात, त्यामुळे शंभर उड्यांनी फक्त गुडघ्यांना त्रास. सोबत एका पायावर चवडे उचलणं, सावकाश, कारण पोटरी आणि घोटा कच्चे असले की मऊ गादीत घोटा सहज मुरगळतो. वाढीच्या वयातल्या मुलांना गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल तर उड्या बंद, लटकणं चालू ठेवा.

उंची वाढवायची ती दोन आठवड्यांनी, एका वेळी 10 सेंटिमीटर, तेही दहापैकी नऊ उड्या बिनआवाजाच्या झाल्या तरच. बोंडावरून उडी तिने अजून घेतलेली नाही, सध्या 60 वर आहे.